चिठ्ठीवरचे ‘OD’ की ‘OW’? औषध घेण्याआधी खात्री करा

जव्हार-मोखाड्याकडे, शिरपामाळच्या आसपासच्या वस्त्यांतून, औषध आणायला एकजण जातो आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर दुसऱ्याकडे जातो. मग घरातले शिकलेले पोरगे त्यावरची इंग्रजी अक्षरे वाचून मराठीत सांगते. बहुतेक अक्षरे सोपी असतात. ‘OD’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘BD’ दोनदा, ‘TDS’ तीनदा. ‘HS’ म्हणजे झोपताना, ‘AC’ जेवणाआधी, ‘PC’ जेवणानंतर, आणि ‘SOS’ म्हणजे त्रास झाला तरच. ‘1-0-1’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

पण अक्षरे ओळखता आली म्हणजे अर्थ लागलाच असे नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत तेच ‘OD’ उजव्या डोळ्यासाठी असते.

समजा, सांधेवाताने आजारी असलेल्या आजीच्या चिठ्ठीत लिहिले आहे:

Tab. Methotrexate 7.5 mg OW
Tab. Folic acid 5 mg OW

‘OW’ म्हणजे आठवड्यातून एकदा. मेथोट्रेक्झेट सांधेवातावर आठवड्यातून ठरलेल्या एकाच दिवशी घेतात. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक अॅसिड सहसा दुसऱ्या दिवशी देतात. आता फोटो हलला, घाईतला ‘W’ हा ‘D’ सारखा दिसला आणि घरी सांगितले, “आजी, रोज एक.” मग आठवड्यात 7.5 ऐवजी 52.5 मिलिग्रॅम औषध पोटात जाते, म्हणजे सातपट. याने रक्त तयार करणाऱ्या पेशी मारल्या जातात. तोंडात फोड येतात, ताप येतो, अंगावर लाल-निळे डाग उठतात. असे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

फोटोत 7.5 मधला टिंबही पुसट होतो आणि 75 वाचले जाते. कडेचा भाग कापला गेला तर ‘रविवारी’ हा शब्दच राहून जातो.

म्हणून घरी केलेला अर्थ हा अंदाज समजावा. मूळ चिठ्ठी, औषधाची पट्टी आणि आजीची आधीची औषधे घेऊन फार्मासिस्टला भेटावे. दुकानात माल देणारा प्रत्येकजण फार्मासिस्ट नसतो, तेव्हा “नोंदणीकृत फार्मासिस्ट कोण?” असे विचारावे. औषध समजावून सांगणे हे त्यांचे कामच आहे. 2015 च्या फार्मसी व्यवसाय नियमांत तसे लिहिलेले आहे. सरकारी रुग्णालयात औषध मिळते त्या खिडकीवरही विचारता येते.

फार्मासिस्ट आधी आजार विचारतो. सांधेवात म्हटले की रोजचे मेथोट्रेक्झेट त्याला लगेच खटकते. अक्षर लागले नाही तर तो डॉक्टरांना फोन करतो, कारण अंदाजाने औषध देणे त्यालाही चालत नाही.

शेवटी त्यालाच पाकिटावर मराठीत लिहायला सांगा: “फक्त रविवारी, एक गोळी.” मग आपण ते मोठ्याने वाचून दाखवावे. वाचताना चूक असेल तर ती तिथेच कळते.