‘पेक्षा जास्त’ कुठे गेलं?

समजा, एका सोसायटीत दरवर्षी आरोग्य शिबिर भरतं. त्याचा मेसेज सचिवांनी २०२२ साली एकदा नीट लिहून ठेवला. तेव्हापासून फक्त तारीख बदलायची आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा, एवढंच काम. त्यातल्या चार ओळी अशा:

```
रक्तदाब व साखर तपासणी*
> ६० वर्षे : मोफत
< ६० वर्षे : १०० रुपये
* ईसीजीचे शुल्क वेगळे
```

पहिली दोन वर्षं हा मेसेज जसा लिहिला तसाच सगळ्यांना दिसला. २०२४ मध्ये तोच मेसेज वेगळा दिसू लागला. दुसऱ्या ओळीतलं ‘पेक्षा जास्त’चं चिन्ह गायब झालं, त्याच्या जागी डावीकडे एक उभी रेघ आली आणि ओळ उरली ‘६० वर्षे : मोफत’. तिसरी ओळ मात्र जशीच्या तशी राहिली. चौथ्या ओळीतल्या तारांकनाचा काळा ठिपका झाला, त्यामुळे पहिल्या ओळीतलं तारांकन कशाकडे बोट दाखवतंय ते कळेना. अडुसष्ट वर्षांच्या आजींना प्रश्न पडला, मोफत तपासणी फक्त साठाव्या वर्षीच का? सचिवांनी तर एका अक्षरालाही हात लावला नव्हता.

बदललं होतं ते ॲप. ठळक, तिरकी आणि खोडलेली अक्षरं व्हॉट्सॲपमध्ये २०१६ पासून आहेत, आणि ठळक करण्यासाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकन द्यायचं हे आता बहुतेकांच्या अंगवळणी पडलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हॉट्सॲपने ठिपक्यांची यादी, आकड्यांची यादी, अवतरणाचा परिच्छेद आणि ओळीच्या मध्ये कोड लिहिण्याची सोय अशा आणखी चार गोष्टी जाहीर केल्या. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ किंवा तारांकन आणि त्यानंतर मोकळी जागा आली, की यादीचा ठिपका. सुरुवातीला `>` आणि मोकळी जागा आली, की अवतरण. ज्या चिन्हांना काल काही अर्थ नव्हता, त्यांना ॲपने अर्थ दिला. सचिवांचा मेसेज नेमका त्याच चिन्हांनी सुरू होत होता. `<` ला ॲपने कोणतंही काम दिलेलं नाही, म्हणून ते वाचलं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. व्हॉट्सॲपवर ठळक अक्षरं ‘पाठवली’ जात नाहीत. पाठवली जातात ती अक्षरं आणि चिन्हं, साध्या मजकुरासारखी. ती चिन्हं ओळखून अक्षर ठळक करायचं की ठिपका काढायचा, हे वाचणाऱ्याच्या फोनमधलं ॲप ठरवतं. म्हणून ‘माझ्या फोनवर नीट दिसतंय’ याचा अर्थ फक्त तेवढाच असतो. अपडेट सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाही. तोपर्यंत एकाच ग्रुपमध्ये काहींना चिन्ह दिसतं, काहींना रेघ दिसते, आणि दोघंही आपल्या जागी बरोबर असतात. शिवाय मजकूर रंगवण्याचं हे काम मेसेज पडद्यावर येताना होतं. त्यामुळे ‘गेल्या वर्षी तर बरोबर गेला होता’ म्हणून जुना मेसेज उघडून पाहिला, तर तोही आता नव्या नियमानेच दिसतो. पुरावा म्हणून तो निरुपयोगी.

पुरावा दुसरीकडे मिळतो. मेसेजवर बोट दाबून धरा, कॉपी करा आणि एसएमएसच्या रिकाम्या चौकटीत पेस्ट करा. तिथे `>` परत दिसलं, तर चिन्ह मजकुरात आहे आणि ॲप ते वापरून टाकतंय. तिथेही नसेल, तर टाइप करतानाच राहिलं आहे. एवढ्याने अर्धे वाद मिटतात.

मला सर्वांत धोक्याची वाटते ती हिशेबातली आडवी रेघ. खजिनदाराने जमाखर्च लिहिताना नव्या ओळीत `- ५००` लिहिलं, की पडद्यावर ‘• ५००’ दिसतं. वजाबाकीची रक्कम साधी रक्कम होऊन बसते. ओळ नीटनेटकी दिसते, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

उलट दिशेनेही फसगत होते. आयफोनच्या मेसेजेस ॲपमध्ये आयओएस १८ पासून, म्हणजे २०२४ पासून, अक्षरं ठळक, तिरकी, अधोरेखित किंवा खोडलेली करता येतात. तिथली रीत वेगळी आहे. मजकुरात चिन्हं घातली जात नाहीत, ‘अमुक शब्द खोडलेला’ ही माहिती मजकुरासोबत वेगळी जाते. ज्या जुन्या आयफोनला ती कळत नाही, तो ती सोडून देतो आणि नुसते शब्द दाखवतो. ठळकपणा गेला तर फारसं बिघडत नाही. पण सभेची वेळ बदलली म्हणून कोणी ‘शनिवार ५ वाजता’ खोडून पुढे ‘रविवार ११ वाजता’ लिहिलं, तर जुन्या फोनवर दोन्ही वेळा शेजारी शेजारी दिसतात आणि दोन्ही खऱ्या वाटतात. व्हॉट्सॲपच्या रीतीत जुन्या ॲपवर निदान विचित्र चिन्हं दिसतात आणि काहीतरी राहिलंय हे कळतं. इथे काही राहिल्याची खूणच उरत नाही.

सोय काढून घेतल्यावर काय होतं, ते विंडोजमध्ये दिसलं. विंडोज ९५ पासून सोबत येणारं वर्डपॅड मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या 24H2 या २०२४ मधल्या आवृत्तीतून काढून टाकलं. `.rtf` फाइल प्रत्येक विंडोजवर उघडेलच, हा जुना भरवसा तिथे संपला. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर पहिली ओळ `{\rtf1` अशी सुरू होते आणि पुढे तिरक्या रेघांचं रान लागतं. मराठी माणसाला याचा चटका जास्त बसतो. युनिकोडपूर्व काळातल्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या पत्रांत मूळ साठवण इंग्रजी अक्षरांच्या संकेतांची असते. त्यांना मराठी रूप देतो तो फाँट, आणि कोणता फाँट हे `.rtf` फाइलच्या फॉरमॅटिंगमध्ये लिहिलेलं असतं. अशा पत्रातून फॉरमॅटिंग काढलं, की मराठी वाचताच येत नाही. ही पत्रं असलेल्यांनी ती वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये उघडून, त्या फाँटसाठीच्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून ठेवावीत. त्यासाठी मूळ फाँट कोणता होता हे माहीत असावं लागतं, म्हणून हे काम लांबवू नये.

शिबिराच्या मेसेजवर एक उपाय म्हणजे चिन्हानंतरची मोकळी जागा काढणं. `>६०` असं जोडून लिहिलं की आजच्या नियमाने ते अवतरण होत नाही. पण हा इलाज आजच्या नियमावर टेकलेला आहे, आणि मूळ मेसेज बिघडला तोही २०२२ च्या नियमावर टेकल्यामुळेच. मी तरी शब्दच लिहीन: ‘६० वर्षांवरील सर्वांना मोफत’, ‘६० वर्षांपर्यंत १०० रुपये’, ‘टीप : ईसीजीचे शुल्क वेगळे’. असं लिहिलं की बरोबर साठ वर्षांच्या माणसाचं काय, हा मूळ मेसेजमध्ये राहून गेलेला प्रश्नही सुटतो. हिशेबात ‘वजा ५००’. वेळ बदलली तर ‘शनिवारची सभा रद्द’. मग जपून ठेवलेल्या बाकीच्या मेसेजांच्या ओळींची सुरुवात तपासावी: रेघ, तारांकन, `>`, आकडा आणि टिंब. ज्या ओळीत यापैकी काही असेल, तो मेसेज आधी स्वतःलाच पाठवून फोनवर आणि संगणकावर पाहावा, आणि घरात अपडेट न केलेला एखादा फोन असेल तर त्यावरही.