दाढ, झडप आणि अँटिबायोटिक

समजा, एक जोडपं दंतवैद्याकडे आलं आहे. काकांच्या हृदयात स्टेंट आहे, दाढ ठणकतेय आणि रात्रभर झोप नाही. काकूंना लहानपणी संधिवाताचा ताप आला होता. त्यात झडप खराब झाली आणि पुढे कृत्रिम झडप बसवली. त्यांची दाढ काढायची आहे. अँटिबायोटिक कुणाला लागेल?

काका मेडिकलमधून आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या दोन दिवस घेत आहेत, तरी ठणका तसाच आहे. तो राहणारच. त्यांच्या दाढेच्या आतली नस सुजली आहे. कठीण कवचात कोंडलेली ती सूज गोळीने उतरत नाही. दाढ उघडून रूट कॅनल केली की आराम पडतो, तोवर वेदनाशामक पुरतं. हिरडीवर एका जागी गळू आलं, तरी पहिला उपाय पू काढून टाकण्याचाच. ताप आला, सूज गालावर किंवा जबड्याखाली पसरू लागली, तर मात्र अँटिबायोटिक हवंच. तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर तडक हॉस्पिटल गाठावं.

काकूंचं वेगळं आहे. दाढ काढताना तोंडातले स्ट्रेप्टोकोकस जंतू रक्तात उतरतात. निरोगी हृदयात ते टिकत नाहीत, पण कृत्रिम झडपेवर ठाण मांडू शकतात. हा एंडोकार्डायटिस जिवावर बेतू शकतो. म्हणून काकूंना दाढ काढण्याआधी अर्धा ते एक तास २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल, एकदाच देतात. पुढे पाच दिवसांचा कोर्स लागत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये असं संरक्षण मोजक्याच रुग्णांपुरतं ठेवलं: कृत्रिम झडप असलेले, पूर्वी एंडोकार्डायटिस झालेले, काही जन्मजात हृदयदोष असलेले आणि हृदय प्रत्यारोपणानंतर झडप बिघडलेले. २०२१ मध्येही तीच भूमिका कायम राहिली. स्टेंट, बायपास किंवा पेसमेकर यात बसत नाही. कारण असं, की ब्रश करताना आणि चावतानाही जंतू रक्तात जातच असतात. रोजच्या त्या वाटेपुढे दंतवैद्याकडची एक फेरी फार छोटी. म्हणून काकूंना कॅप्सूलइतकीच हिरड्यांच्या नियमित तपासणीची गरज आहे. क्ष-किरण फोटोसाठी किंवा नुसत्या तारा आवळण्यासाठी त्यांनाही डोस लागत नाही.

दाढ काढल्यावर पुढच्या काही आठवड्यांत काकूंना ताप येऊ लागला, रात्री घाम फुटू लागला, तर घरातली उरलेली अँटिबायोटिक गोळी घेऊ नये. तिने ताप तात्पुरता दबतो, पण रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि नेमकं औषध ठरवणं अवघड होऊन बसतं. आधी हृदयाच्या डॉक्टरांना झडपेची आठवण द्यावी, कल्चरसाठी रक्त द्यावं, मगच औषध सुरू करावं.