नुसत्या बोलण्यासाठी कोणता कोडेक?

दीड तासाचं एक व्याख्यान घ्या. एकच वक्ता, एकच माइक, गाणं-वाद्य काही नाही. रेकॉर्डरमधून निघालेली मोनो डब्ल्यूएव्ही फाइल साधारण ५०० एमबीची असते. तीच १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये ८६ एमबीवर येते. पण ऐकणाऱ्याकडे मोजका डेटा असेल, किंवा अशी शेकडो व्याख्यानं एका कार्डावर बसवायची असतील, तर ८६ एमबीसुद्धा जास्तच. ती दहा एमबीच्या आत आणायची आणि तरीही शब्द न् शब्द कळला पाहिजे, असं ठरवलं की कोडेकची खरी परीक्षा सुरू होते.

पहिला विचार येतो तो एमपी३चाच रेट उतरवण्याचा. ३२ केबीपीएसला फाइल २१ एमबीच्या पुढे राहते आणि आवाज तेवढ्यातच पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळायला लागतो. एमपी३ घडवला गेला तो मुख्यतः संगीतासाठी. कानाला काय ऐकू येणार नाही ते शोधून वगळायचं, ही त्याची पद्धत. आवाज माणसाच्या गळ्यातून येतोय की सतारीतून, हे त्याला ठाऊक नसतं. बिट्स फारच कमी मिळाले की तो ऐकू येणारं तेही टाकू लागतो.

बोलण्यासाठी वेगळी वाट आहे. स्वरतंतूंचं कंपन आणि त्याला आकार देणारी घसा-तोंडाची पोकळी, या दोन्हींचं गणिती प्रारूप करायचं आणि पुढचा आवाज मागच्यावरून वर्तवायचा. साठवायचे ते त्या प्रारूपाचे आकडे आणि अंदाजातली चूक. मोबाइल फोनसाठी आलेला एएमआर याच वाटेनं जातो. जुन्या हँडसेटवरची .amr रेकॉर्डिंग्ज अनेकांना आठवत असतील. त्याच्या सर्वांत वरच्या, १२.२ केबीपीएसच्या रेटला आपलं व्याख्यान साडेआठ एमबीत बसतं.

म्हणजे काम झालं? नाही. एएमआर सेकंदाला ८००० नमुने घेतो, त्यामुळे साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज त्यात उरतच नाही. ‘स’चा सगळा जोर त्याच्या वर, ४००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणूनच फोनवर आडनाव सांगताना ‘स, सशाचा’ असं फोड करून सांगावं लागतं. संदर्भ ठाऊक असलेलं वाक्य मेंदू भरून काढतो. पण व्याख्यानात अनोळखी नाव, गावाचं नाव किंवा संस्कृत शब्द आला की ऐकणारा अडखळतो.

ओपस इथेच पुढे जातो. २०१२ साली आयईटीएफनं तो प्रमाण म्हणून प्रसिद्ध केला. स्काइपचा सिल्क आणि झिफचा सेल्ट अशा दोन कोडेक्सचा तो मिलाफ आहे: सिल्क बोलण्यासाठी, सेल्ट संगीतासाठी. कमी रेटला बोलणं आलं की सिल्क काम करतो. नव्या आवृत्त्यांमध्ये १२ केबीपीएसलाही ८००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा शाबूत राहतो. म्हणजे फाइल एएमआरएवढीच, पण ‘स’ हा ‘स’च ऐकू येतो. माझी पसंती मात्र १६ केबीपीएसला आहे. त्या रेटला व्याख्यान ११ एमबीच्या आसपास जातं, आणि ठरवलेली मर्यादा एखाद्या एमबीनं ओलांडली तरी तासभर ऐकताना कान थकत नाही. दहाच्या आतच हवं असेल, तर १२ ठेवावा.

```
ffmpeg -i vyakhyan.wav -ac 1 -c:a libopus -b:a 16k -application voip -frame_duration 60 vyakhyan.opus
```

यात `-ac 1` फाइल मोनो करतो; एकाच वक्त्यासाठी दुसऱ्या चॅनेलवर बिट्स खर्चणं व्यर्थ. `-frame_duration 60` मुळे आवाजाचे तुकडे नेहमीच्या २० ऐवजी ६० मिलिसेकंदांचे होतात आणि प्रत्येक तुकड्यामागचा वरखर्च घटतो. फोनवर बोलताना असा उशीर खटकला असता, साठवलेल्या फाइलला त्याचं काही नाही.

फाइल झाली की सुरुवातीचं मिनिट ऐकून समाधान मानू नका; तिथे वक्ता सावकाश बोलत असतो. टाळ्यांची जागा काढा, भरभर बोललेला भाग काढा, आकडे आणि नावं ऐका. पंख्याची घरघर असेल, तर कोडेक तिच्यावरही बिट्स खर्च करतो आणि बोलणं खरखरीत होतं. अशा वेळी रेट वाढवण्याआधी मूळ फाइलमधली घरघर कमी करावी. आणि रूपांतर नेहमी डब्ल्यूएव्हीवरूनच करावं. एमपी३वरून केलं, तर एमपी३नं सोडलेली गुळगुळ ओपस इमानेइतबारे पुन्हा साठवतो.

६ केबीपीएसपर्यंत उतरलात तर ओपसचा पट्टाही अरुंद होतो आणि एएमआरवरची त्याची आघाडी बरीचशी जाते. त्याहून खाली कोडेक २ आहे, सेकंदाला हजारभर बिट्समध्येही चालणारा. पण तो हौशी रेडिओवाल्यांसाठी, आणि त्यातला माणूस यंत्रासारखा बोलतो.

ओपसची खरी अडचण ऐकणाऱ्याच्या हातात असते. आजच्या अँड्रॉइड फोनवर तो चालतो. व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज ओपसमध्येच असतात. पण बटणांच्या साध्या फोनवर, गाडीतल्या जुन्या प्लेअरवर किंवा पेनड्राइव्हच्या स्पीकरवर .opus फाइल बहुधा दिसतच नाही. श्रोते असे असतील, तर ३२ किंवा ४० केबीपीएसचा मोनो एमपी३च द्यावा आणि दुप्पट-अडीचपट आकार मान्य करावा.