तिरक्या फोटोतून पानाचं क्षेत्रफळ

शाळेत पानाचं क्षेत्रफळ काढायची रीत सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेली असते. पान आलेख कागदावर ठेवायचं, पेन्सिलीने कडा गिरवायची आणि आतले चौरस मोजायचे. पूर्ण चौरस एक धरायचा, अर्ध्याहून मोठा तुकडाही एक, अर्ध्याहून लहान असेल तर सोडून द्यायचा. उत्तर बरं येतं, पण वेळ फार जातो आणि पान बहुतेक तोडावंच लागतं. एकच पान दर आठवड्याला किती वाढतं हे बघायचं असेल तर ते तोडून कसं चालेल?

आता हातात मोबाइल आहे. झाडावरच्या पानाखाली पुठ्ठ्यावर चिकटवलेला आलेख कागद सरकवायचा, फोटो घ्यायचा आणि पान तसंच वाढू द्यायचं. घरी आल्यावर फोटोत पानाच्या कडेवर बिंदू मांडायचे. बिंदू सरळ रेघांनी जोडले की पानाच्या जागी एक बहुभुज उभा राहतो, आणि त्याचं क्षेत्रफळ नुसत्या शिरोबिंदूंच्या निर्देशकांवरून काढता येतं. आकार कितीही वेडावाकडा असला तरी चौरस मोजायची गरज नाही.

जास्वंदीचं एक पान घेऊ. कागदावर सेंटिमीटरच्या ठळक रेघा आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून सहाच बिंदू घेऊ आणि ते नेमके रेघांच्या छेदांवर पडले आहेत असं मानू. देठापासून उजवीकडून वर टोकापर्यंत आणि डावीकडून खाली परत, या क्रमाने बिंदू असे: (४,१), (७,३), (६,७), (४,१०), (२,७), (१,४).

आता लागोपाठच्या प्रत्येक जोडीसाठी एकच कृती करायची. पहिल्याचा आडवा निर्देशक गुणिले दुसऱ्याचा उभा, त्यातून वजा दुसऱ्याचा आडवा गुणिले पहिल्याचा उभा. पहिल्या जोडीत ४ × ३ मधून ७ × १ वजा केले की ५ उरतात. पुढच्या जोड्यांतून ३१, ३२, ८ आणि १ मिळतात. शेवटच्या बिंदूकडून पहिल्याकडे परतताना १ × १ मधून ४ × ४ वजा होतात, म्हणजे −१५. सगळ्यांची बेरीज ६२, तिची निम्मी ३१. बहुभुजाचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पाठ्यपुस्तकी लिपीत ३१ चौसेमी.

निर्देशक एकाखाली एक लिहून गुणाकारांच्या तिरप्या रेघा ओढल्या की बुटाच्या नाडीसारखी नक्षी दिसते, म्हणून इंग्रजीत या सूत्राला ‘शूलेस’ म्हणतात. ते बरेचदा गाउसच्या नावावर खपतं, पण माइस्टर या जर्मन गणितज्ञाने ते १७६९ मध्येच मांडलं होतं. तेव्हा गाउसचा जन्मही झाला नव्हता.

ते चालतं कसं, हे त्या −१५ मध्ये दिसतं. प्रत्येक जोडीतून मिळणारी संख्या ही ते दोन बिंदू आणि कागदाचा आरंभबिंदू यांच्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची दुप्पट असते. आरंभबिंदूपासून पाहिलं तर पानाच्या पलीकडच्या बाजूवरचे त्रिकोण मोठे असतात: त्यांत पान येतंच, शिवाय पान आणि आरंभबिंदू यांच्यामधली मोकळी जागाही येते. आपल्या पहिल्या पाच संख्यांची बेरीज ७७, म्हणजे ३८.५ चौसेमी. अलीकडची बाजू मात्र एकच आहे, (१,४) ते (४,१). तिच्यावरून आपण उलट दिशेने जातो, म्हणून तिचा त्रिकोण वजा होतो. ती मोकळी जागा ७.५ चौसेमी. ३८.५ मधून ती गेली की ३१ उरतात. बेरीज-वजाबाकीचं काम दिशाच करते, आपल्याला काही ठरवावं लागत नाही.

म्हणूनच क्रम बिघडला की सूत्र निमूटपणे चुकीचं उत्तर देतं. वरच्या यादीत (६,७) आणि (४,१०) यांची अदलाबदल करून पाहा. उत्तर २२.५ येतं. संख्या अगदी संभाव्य वाटते, पण बहुभुजाच्या बाजू एकमेकींना छेदून गेलेल्या असतात. म्हणून बिंदू मांडले की ते त्याच क्रमाने जोडून फोटोवर रेघ एकदा डोळ्यांनी पाहावी. उत्तर ऋण आलं तर मात्र घाबरू नये. तुम्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गेला असाल, किंवा उभे निर्देशक वरून खाली मोजले असतील. संगणकावरची चित्रं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली मोजली जातात, तिथे हे नेहमीच होतं. चिन्ह सोडून द्यायचं.

सगळे बिंदू छेदांवर असतील तर गुणाकारांशिवायही पडताळा घेता येतो. जॉर्ज पिक या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम असा: आकाराच्या आत पडणारे छेद मोजा, कडेवर पडणाऱ्या छेदांची निम्मी संख्या त्यात मिळवा आणि एक वजा करा. आपल्या पानात आतले छेद २८ आणि कडेवरचे ८ आहेत. २८ अधिक ४ वजा १, पुन्हा ३१. खऱ्या पानाच्या कडा अशा शहाण्यासारख्या छेदांवर बसत नाहीत, तेव्हा हा नियम सूत्र शिकतानाच कामी येतो.

इथवर सगळं कागदावरचं झालं. फोटोत खरी गडबड होते ती कॅमेऱ्यामुळे.

पुष्कळ जण फोटो संगणकावर उघडतात, आलेख कागदावरच्या एका रेघेची लांबी पिक्सेलांत मोजतात, १० सेंटिमीटर म्हणजे १५०० पिक्सेल असं माप ठरवतात आणि मग बिंदूंचे निर्देशक पिक्सेलांत घेतात. ImageJ या लोकप्रिय प्रोग्रॅममधली Set Scale ही आज्ञा असंच एक माप सगळ्या चित्राला लावते. फोटो बरोब्बर वरून घेतला असेल तर हे ठीक. पण झाडाशी वाकून, एका हाताने पुठ्ठा धरून फोटो काढणाऱ्याचा मोबाइल थोडा तरी कलतोच. मग कागदावरचा चौरस फोटोत समलंब चौकोन होतो: जवळची बाजू लांब, दूरची आखूड.

समजा १० सेंटिमीटरच्या चौरसाची खालची बाजू १५०० पिक्सेल आली आणि वरची १३५०. वरवर पाहता फरक दहा टक्क्यांचा आहे. क्षेत्रफळात मात्र तो फार मोठा होतो. दूरच्या कडेशी आडवं अंतर ०.९ पट दिसतं, पण उभं अंतर त्याहून जास्त आक्रसतं, ०.९ चा वर्ग, म्हणजे ०.८१ पट. दोहोंचा गुणाकार ०.७२९. वरच्या कडेजवळचा एक चौसेमी खालच्या कडेजवळच्या चौसेमीच्या जेमतेम ७३ टक्के दिसतो. खालच्या रेघेवरून माप ठरवलं तर पानाचं टोक बरंच लहान मोजलं जाणार, आणि उत्तराकडे बघून ते कळणारही नाही.

कळतं ते आलेखाकडे बघून. एका मोठ्या चौरसाच्या समोरासमोरच्या बाजू पिक्सेलांत मोजा. त्या समान नसतील तर कॅमेरा कलला होता. कागदाच्या मध्यावरची रेघही हेच सांगते. वरच्या उदाहरणात ती फोटोतल्या चौकोनाच्या अर्ध्या उंचीवर नसते, खालून सुमारे ५२.६ टक्क्यांवर जाते. रेघा सरळ न राहता बाहेरच्या बाजूला फुगल्या असतील तर दोष भिंगाचा. त्यावर उपाय म्हणजे थोडं लांबून फोटो घ्यावा आणि पान चित्राच्या मध्यात ठेवावं.

कलण्यावर मात्र उपाय फोटोतच आहे. कागद ज्या रीतीने विकृत झाला, त्याच रीतीने त्यावर टेकलेलं पानही झालं. मग पिक्सेल मोजायचेच कशाला? प्रत्येक बिंदू ज्या चौरसात पडला त्याच्याच रेघांवरून वाचावा: डावीकडची रेघ ६ ची, बिंदू तिथून पुढच्या रेघेच्या दिशेने तीन दशांश अंतरावर, म्हणून ६.३. मिलिमीटरच्या बारीक रेघा दिसत असतील तर अंदाजही करावा लागत नाही. एका सेंटिमीटरच्या आत कलण्याचा परिणाम नगण्य असतो, आणि दूरच्या रेघा जवळ आल्या असल्या तरी त्यांचे आकडे खरेच असतात. संगणकाकडून करून घ्यायचं तर चौरसाचे चार कोपरे त्याला दाखवून सगळं चित्र सपाट करून घेता येतं. तीन कोपऱ्यांवर हे भागत नाही.

अट एवढीच की पान कागदाला टेकलेलं हवं. कॅमेरा कागदापासून ३० सेंटिमीटरवर आणि पान कागदापासून ६ मिलिमीटर वर उचललेलं असेल, तर ते ३० भागिले २९.४ पट लांब दिसतं आणि क्षेत्रफळ सुमारे ४ टक्के फुगतं. ही चूक आलेखाच्या रेघांतून पकडता येत नाही, कारण रेघा बिचाऱ्या जागच्या जागीच असतात. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा वरून दाबून धरला की काम होतं.

शेवटी प्रश्न उरतो तो बिंदू किती घ्यायचे याचा. सहा बिंदूंचं आपलं पान ३१ चौसेमीचं आलं, पण खऱ्या पानाची कड त्या सरळ रेघांच्या बाहेर फुगलेली असते. वर्तुळावर काय होतं ते पाहा: आत काढलेला सुसम षटकोन वर्तुळाच्या ८२.७ टक्केच क्षेत्र व्यापतो, बारा बाजूंचा बहुभुज ९५.५, चोवीस बाजूंचा ९८.९. बिंदू दुप्पट केले की तूट साधारण पाव होते. तेव्हा साध्या कडेच्या पानाला पंचवीस-तीस बिंदू पुरतात. ते सारख्या अंतरावर नकोत, वळण तीव्र असेल तिथे दाट हवेत. एरंडाच्या हातासारख्या पानाला मात्र प्रत्येक बोटाच्या टोकाशी आणि खाचेशी बिंदू हवेच.

एखादा बिंदू मिलिमीटरभर चुकला तर फारसं बिघडत नाही. आपल्या पानात (७,३) हा बिंदू एक मिलिमीटर बाहेर सरकला तर क्षेत्रफळ ०.३ चौसेमीने, म्हणजे एक टक्क्याने वाढतं, आणि दुसरा एखादा बिंदू आत गेला असेल तर ती वाढ भरूनही निघते. सवयीने सगळेच बिंदू कडेच्या बाहेर मांडले तर मात्र प्रकरण वेगळं. बहुभुजाची परिमिती सुमारे २२ सेंटिमीटर आहे. सगळीकडे एक मिलिमीटरची जादा पट्टी म्हणजे २.२ चौसेमी, सात टक्के. पानाची सावली कागदावर पडली असेल तर हे हमखास होतं, कारण डोळा सावलीचीच कड धरतो. म्हणून फोटो उन्हात न काढता ढगाळ उजेडात किंवा झाडाच्याच सावलीत काढावा.

अळीने खाऊन पडलेलं भोक असेल तर त्याच्या कडेवर वेगळे बिंदू घेऊन त्याचा बहुभुज वजा करायचा. आणि कड खाल्ली गेली असेल तर आधी ठरवायचं की आपल्याला उरलेलं पान मोजायचं आहे की मूळचं. कारण मूळची कड आता फोटोत नाही, ती शेजारच्या धड पानावरून अंदाजानेच काढावी लागते.