दगडाखालची वाळू अरबीत कशी न्यायची?

मे १९६८ मध्ये पॅरिसच्या लॅटिन क्वार्टर भागातल्या भिंती विद्यार्थ्यांनी घोषणांनी भरून टाकल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली ओळ होती ‘सू ले पावे, ला प्लाज’. शब्दशः अर्थ, फरसबंदीच्या दगडांखाली समुद्रकिनारा. अशा भिंतीचा फोटो समोर ठेवून अरबी वाचकासाठी ही ओळ लिहायला बसलं, की गाडी पहिल्याच नामाशी अडते.

‘पावे’ म्हणजे रस्त्यात बसवलेला घडीव दगडी ठोकळा. विद्यार्थी हेच ठोकळे उपटून अडथळे रचत होते आणि पोलिसांवर भिरकावत होते. ठोकळा निघाला की खाली वाळू दिसायची, कारण दगड वाळूच्या थरावर बसवलेले असत. घोषणा त्या वाळूकडे बोट दाखवते: हे शिस्तीचं शहर उपटा, खाली मोकळा किनारा आहे. म्हणजे या ओळीत दगडफेकही आहे आणि सुट्टीही. पण भिंतीच्या फोटोत ना वाळू दिसते, ना दगड.

अनुवादकाच्या हाताला आधी येतो ‘रसीफ’ हा शब्द. अर्थ फुटपाथ. सोपा आहे, छोटा आहे आणि इथे घातकी आहे. कारण रसीफ म्हणजे बंदराचा धक्काही. ‘तहत अर-रसीफ, अश-शाती’ असं वाचणारा बैरूतचा किंवा अलेक्झांड्रियाचा माणूस म्हणेल, धक्क्याखाली किनारा असणारच, यात विशेष ते काय? मूळ ओळीतला चमत्कार एका शब्दाने गेला. शिवाय फुटपाथवर माणसं चालतात. उपटले गेले ते दगड रस्त्याचे होते. (आपली ‘फरशी’ ज्या ‘फर्श’वरून आली, तो अरबी शब्दही कामाचा नाही. अरबीत तो अंथरुणाकडे आणि घरातल्या सामानाकडे झुकतो.)

मग ‘हिजारा’, म्हणजे दगड? दगडफेक परत येते खरी, पण सोबत पॅलेस्टाइनही येतं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या उठावाचं अरबीतलं एक नावच ‘दगडांचा इंतिफादा’ असं आहे. नुसता ‘हिजारा’ लिहिला, तर वाचक पॅरिसऐवजी गाझाच्या गल्लीत पोचतो.

नादाचा प्रश्न वेगळाच. ‘पावे’ आणि ‘प्लाज’ दोन्ही ‘प’ने सुरू होतात, आणि प्रमाण अरबीत ‘प’ नाहीच. ‘तहत अर-रस्फ, अर-रम्ल’, म्हणजे फरसबंदीखाली वाळू, असं केलं तर ‘र’चा ठेका मिळतो. मोह होतो. पण अरबी वाचकाला नुसत्या वाळूने आधी वाळवंट आठवेल, सुट्टी नाही. म्हणून मी ठेका सोडेन आणि ‘तहत हिजारत अर-रस्फ, अश-शाती’ असं लिहीन. ‘फरसबंदीचे दगड’ म्हटल्यावर हिजारा रस्त्याला बांधला जातो. ओळ थोडी लांबते. उरलेलं काम फोटोखालच्या एका वाक्याचं: हे दगड वाळूवर बसवलेले होते आणि त्या महिन्यात उपटले जात होते. अरबी अक्षरं मात्र फोटोतल्या भिंतीवर चिकटवू नयेत, नाहीतर ती ओळ पॅरिसमधल्या कुणा अरबानेच लिहिली असं वाटेल.

बोलीचे शब्द आले की आणखी एक निर्णय घ्यावा लागतो: अरबी कोणती? ग्राफिटीवाल्यांच्या इंग्रजीत ‘टॉय’ म्हणजे नवखा, कच्चा लिंबू. दुसऱ्याच्या सहीवर कुणी आडवा ‘टॉय’ फासला, की तो अपमान असतो. फोटोत हा शब्द सुटा वाचला तर ‘लुअबा’, म्हणजे खेळणं, असं भाषांतर होतं आणि भांडणच नाहीसं होतं. खूण एकच: खालची सही त्याने कापली आहे का, ते पाहायचं. प्रमाण अरबीतला ‘मुब्तदी’ शाळेच्या प्रगतिपुस्तकात शोभेल. इजिप्तच्या बोलीतला ‘अय्यिल’, म्हणजे कार्टं, बरोबर झोंबतो. पण मग भिंत न्यूयॉर्कची असली तरी बोलणारा कैरोचा होतो. नियतकालिकातल्या फोटोसाठी मला ते चालेल, संग्रहालयाच्या पाटीसाठी नाही.

आणि कधी भाषांतर करायचंच नसतं. युरोपातल्या भिंतींवर १३१२ हा आकडा दिसतो. इंग्रजी वर्णमालेतल्या क्रमाने ती ए, सी, ए, बी ही अक्षरं, म्हणजे पोलिसांना दिलेल्या एका शिवीची आद्याक्षरं. अरबीतही अक्षरांना आकडे देण्याची जुनी ‘अब्जद’ पद्धत आहे. तिच्यात अलिफ १, बा २, जीम ३. तिने १३१२ वाचलं तर अलिफ-जीम-अलिफ-बा, म्हणजे ‘अजाब’ हा शब्द तयार होतो. अर्थ, ‘त्याने उत्तर दिलं’. योगायोग सुंदर आहे, पण तो वापरू नये. कैरोच्या फुटबॉल चाहत्यांच्या ‘अल्ट्रास’ गटांनी २०११ च्या सुमारास तीच चार अक्षरं रोमन लिपीतच आपल्या भिंतींवर फासली होती. तिथल्या वाचकाला ती तशीच कळतात.