दोन मिनिटं, एक मुलगी, एक मागणी : मदतीच्या ॲनिमेशनची स्क्रिप्ट कशी लिहायची

आजच्या भागात एकच काम करायचंय. एका छोट्या संस्थेला निधी गोळा करण्यासाठी दोन मिनिटांचं ॲनिमेशन हवंय. त्याची स्क्रिप्ट आपण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहिणार आहोत. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ज्यांना वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून देतेय.

उदाहरण घेऊ बीड जिल्ह्यातलं. तिथून दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधीच 'उचल' घेतलेली असते, त्यामुळे जाणं टाळता येत नाही. मुलांना सांभाळायला घरी कोणी नसेल तर तीही सोबत जातात, फडाशेजारच्या कोपीत राहतात आणि शाळेचं अर्धं वर्ष बुडतं. आपली संस्था काल्पनिक आहे, पण असं काम खरोखर चालतं : हंगामापुरतं गावातच वसतिगृह. मूल तिथे जेवतं, झोपतं आणि आपल्याच शाळेत जातं.

आधी शेवटची ओळ लिहा

स्क्रिप्ट गोष्टीपासून नाही, मागणीपासून सुरू करायची. बघणाऱ्याने नक्की काय करायचं, हे ठरल्याशिवाय गोष्टीत काय ठेवायचं आणि काय काढायचं ते कळत नाही.

समजा धान्य, भाजी, गॅस आणि स्वयंपाकाच्या मावशींचं मानधन धरून एका मुलाचा दिवसाचा खर्च ६० रुपये येतो. हा आकडा फक्त उदाहरणासाठी. तुमचा आकडा तुमच्या खर्चाच्या वहीतून काढा. महिन्याचे झाले १,८०० आणि पाच महिन्यांच्या हंगामाचे ९,०००. आता वसतिगृहात २० मुलं असतील, तर एकूण लागतील १,८०,००० रुपये.

मग मागायचे किती? एकेकाकडून ६० मागितले तर ३,००० माणसं लागतील. छोट्या संस्थेचा व्हिडिओ बघून एवढी माणसं पैसे देतील, हे अवघड आहे. ९,००० मागितले तर फक्त २० माणसं पुरतील, पण नुकत्या नोकरीला लागलेल्या मुलामुलींना ते झेपणार नाहीत. १,८०० ला १०० माणसं लागतात. ओळखीतून आणि ओळखीच्या ओळखीतून १०० माणसं गाठता येतात. म्हणून आपली मागणी : 'एका मुलाचं एका महिन्याचं जेवण, १,८०० रुपये, दसऱ्यापर्यंत.'

'दसऱ्यापर्यंत' हे घाई करायला घातलेलं नाही. ट्रॅक्टर येण्याआधी धान्य भरावं लागतं आणि किती मुलांना ठेवून घेता येईल, ते आई-बापांना सांगावं लागतं. मुदतीला असं खरं कारण असेल तरच ती टाका.

आणि मागणी एकच. 'पैसे द्या, जुने कपडे पाठवा, शेअर करा, आम्हाला भेटायला या' असं एका दमात सांगितलं की माणूस त्यातलं सगळ्यात स्वस्त काम करतो. तो शेअर करतो आणि त्याला वाटतं, आपली मदत झाली.

एकच पात्र का?

याबद्दल एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. २००७ साली स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोव्हिक या अमेरिकी संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही लोकांना माली देशातल्या रोकिया नावाच्या एका मुलीबद्दल सांगितलं, काहींना दुष्काळ आणि उपासमारीचे आकडे दिले, काहींना दोन्ही. रोकियासाठी सरासरी २.३८ डॉलर आले, आकड्यांसाठी १.१४ आणि दोन्ही एकत्र दिल्यावर १.४३. म्हणजे मुलीच्या गोष्टीला आकडे जोडले तर रक्कम घटली.

पण २०२३ मध्ये हाच प्रयोग पुन्हा मोठ्या गटावर केला तेव्हा हा फरक दिसला नाही. त्यामुळे 'एकच चेहरा दाखवा, पैसे येतातच' असं मी सांगणार नाही. माझी कारणं साधी आहेत. दोन मिनिटांत एकाच माणसाची ओळख नीट होते. आणि ॲनिमेशनमध्ये प्रत्येक नव्या पात्राचं डिझाइन, हातापायांचे सांधे, चेहऱ्यावरचे भाव, सगळं वेगळं करावं लागतं. छोट्या संस्थेचं बजेट तिथेच संपतं. बाकीची माणसं हातांनी, सावलीने, फोनवरच्या आवाजाने दाखवता येतात.

आपलं पात्र मुक्ता, पाचवीतली. ती अनेक मुलांच्या अनुभवांवरून रचलेली आहे आणि तसं व्हिडिओत लिहायचंच. ॲनिमेशनचा हा मोठा फायदा आहे : कुठल्याही खऱ्या मुलीचा चेहरा गरजू म्हणून फोनोफोनी फिरत नाही.

स्क्रिप्ट

दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद. मराठीत विभक्ती प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आपले शब्द लांब होतात. शांतपणे बोलायचं तर मी दोन मिनिटांत जास्तीत जास्त २०० शब्द धरते. आपले त्याहून कमीच आहेत, म्हणजे चित्राला श्वास मिळतो.

*० ते १५ सेकंद.* पहाट. ट्रॅक्टरच्या दिव्यांचा उजेड घराच्या भिंतीवर सरकतो. मुक्ता दप्तर मांडीवर घेऊन बसलीय.
मुक्ता : "दिवाळी झाली की आमच्या गावात ट्रॅक्टर येतो. भांडी, पांघरुणं, शेळी, सगळं ट्रॉलीत चढतं. मग आम्ही चढतो."

*१५ ते ४५ सेकंद.* ट्रॉलीतून मागे बघताना शाळा लहान होत जाते. मग उसाचा फड. आईचा फक्त हात आणि कोयता. नंतर वर्गातला फळा, त्यावर ३/४.
मुक्ता : "आई-अण्णा ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात. मी धाकट्याला सांभाळते. गेल्या वर्षी परत आले, तर वर्गात अपूर्णांक शिकवून झाले होते. फळ्यावर तीन वर, चार खाली. मधली रेघ कशाला, ते मला माहीतच नव्हतं."

*४५ ते ५२ सेकंद.* आवाज नाही. मुक्ता काठीने मातीत एक आडवी रेघ ओढते आणि तिच्याकडे बघत बसते.

*५२ ते ८८ सेकंद.* पुन्हा तोच ट्रॅक्टर. या वेळी मुक्ता दारातून हात हलवते. मग वसतिगृह : ताट, दिवा, वही. कानाला फोन.
मुक्ता : "यंदा ट्रॅक्टर आला, पण मी चढले नाही. गावातच वसतिगृह आहे. आईचा फोन येतो. ती विचारते, जेवलीस का? मी विचारते, धाकटा रडतो का? परवा मी तिला सांगितलं, एका भाकरीचे चार तुकडे कर, त्यातले तीन खा. झाले तीन छेद चार. आई म्हणाली, आणि चौथा? मी म्हटलं, धाकट्याला दे."

*८८ ते १२० सेकंद.* मुक्ता वहीत लिहितेय. बाजूला संस्थेचं नाव, '₹१,८००' आणि यूपीआय आयडी. हे सगळं शेवटपर्यंत स्क्रीनवर राहतं.
ताईचा आवाज : "मुक्तासारख्या एका मुलाचं महिन्याचं जेवण १,८०० रुपयांत होतं. ट्रॅक्टर येण्याआधी आम्हाला धान्य भरायचंय. दसऱ्यापर्यंत एका मुलाचा एक महिना तुम्ही द्या. १,८०० रुपये. यूपीआय आयडी स्क्रीनवर आहे."

आता यातल्या निवडी बघा. मुक्ता स्वतः पैसे मागत नाही. मागणी संस्थेची आहे, तर ती संस्थेच्या मोठ्या माणसाने करायची. मुलीच्या तोंडून 'मला मदत करा' आलं की ती मुक्ता राहत नाही, केविलवाणी होते. आई-बापालाही कुठे दोष दिलेला नाही. मुक्ता गावात राहिली की धाकट्याला सांभाळायला फडावर कोणी उरत नाही. तिला मागे ठेवताना आई काय सोडून देते, ते त्या शेवटच्या फोनमधून कळतं. एकूण २० मुलं आणि १,८०,००० रुपये हे आकडे मुद्दाम बाहेर ठेवलेत. ते हिशेबाच्या पानावर द्या. व्हिडिओत एकच रक्कम लक्षात राहायला हवी, म्हणून ती दोनदा उच्चारलीय आणि लिहिलेलीही आहे.

पैसे जिथे अडकतात

इथपर्यंत सगळं जमलं तरी शेवटच्या अर्ध्या मिनिटात माणसं निसटतात. पहिलं कारण क्यूआर कोड. तुमचा व्हिडिओ लोक फोनवर बघणार. स्वतःच्याच फोनच्या स्क्रीनवरचा कोड त्याच फोनने स्कॅन कसा करणार? स्क्रीनशॉट काढा, ॲप उघडा, गॅलरीतून निवडा, एवढं बरेच जण करत नाहीत. म्हणून छोटा, वाचता येईल असा यूपीआय आयडी ठेवा आणि तोच कॉपी करता येईल असा व्हिडिओखालच्या मजकुरात टाका. क्यूआर कोड सभेतल्या मोठ्या पडद्यासाठी ठीक.

दुसरं कारण नाव. पैसे पाठवताना ॲपवर बँक खात्याचं नाव दिसतं. व्हिडिओत संस्थेचं नाव एक आणि ॲपवर ट्रस्टचं नोंदणीकृत नाव दुसरंच दिसलं, तर समोरचा थांबतो. त्याला फसवणुकीची शंका येते आणि ती रास्तच आहे. दोन नावं असतील तर खात्यावरचं नाव स्क्रीनवर लिहा. वैयक्तिक खात्यावर पैसे मागूच नका.

तिसरी गोष्ट परदेशातल्या नातेवाइकांची. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी नसेल तर परदेशी नागरिकाकडून देणगी घेता येत नाही, मग तो मूळचा बीडचा असला तरी. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईत राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर कुठेही पोहोचतो, म्हणून ही ओळ खालच्या मजकुरात हवीच.

रंग भरण्याआधीची चाचणी

ॲनिमेटरकडे जाण्यापूर्वी स्क्रिप्ट मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करा, स्टॉपवॉच लावून. साध्या पेन्सिलच्या चित्रांवर तो आवाज ठेवा. मग संस्थेशी संबंध नसलेल्या पाच जणांना एकदाच दाखवा आणि दहा मिनिटांनी तीन प्रश्न विचारा : किती रुपये? कशासाठी? कधीपर्यंत? 'खूप छान होतं, डोळ्यात पाणी आलं' हे उत्तर धरायचं नाही. रक्कम आठवत नसेल तर ताईच्या ओळी अजून लांब आहेत. रक्कम आठवते पण कशासाठी ते आठवत नसेल, तर गोष्टीत जेवण पुरेसं दिसलेलं नाही. मग ताटाचं चित्र आणखी तीन सेकंद थांबवा.

हे बदल पेन्सिलच्या चित्रांत एका संध्याकाळी होतात. तेच रंग आणि हालचाल भरल्यावर करायचे म्हटले, तर ॲनिमेटरला तो भाग पुन्हा करावा लागतो आणि त्याचे पैसे मुलांच्या जेवणातून जातात. भेटू पुढच्या भागात!