पंचेचाळीस सेकंदांत एकच तारीख

सांगलीत रंगांचे दुकान चालवणारा एखादा व्यापारी रात्री दुकान बंद करून मोबाइल पाहत बसला आहे असे समजा. पडद्यावर एक सनदी लेखापाल येतात आणि नमस्कार-चमत्कार न करता थेट विचारतात, ‘गेल्या महिन्यात माल घेतला, त्यावर जीएसटीही दिला. पण त्याचे क्रेडिट तुम्हाला मिळणार आहे का?’

मग ते हिशेब मांडतात. दोन लाखांचा माल घेतला, त्यावर १८ टक्क्यांनी ३६ हजार रुपये कर पुरवठादाराला दिला. महिन्याच्या विक्रीवर ग्राहकांकडून ५० हजार कर गोळा झाला. दुकानदाराच्या मते त्याने सरकारला फक्त १४ हजार भरायचे आहेत. पण पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात ते बिल दाखवलेच नसेल, तर दुकानदाराला त्या महिन्यात क्रेडिट घेता येत नाही आणि पूर्ण ५० हजार भरावे लागतात. पुढे उपाय येतो. पुरवठादाराने मासिक जीएसटीआर-१ भरण्याची मुदत ११ तारखेची, दुकानदाराचे स्वतःचे जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरायचे. या दोहोंच्या मध्ये, १४ तारखेला, पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होते. ते उघडा आणि आपली बिले त्यात आहेत का पाहा. नसतील तर पुरवठादाराला लगेच फोन करा.

व्हिडिओ इथेच संपतो. ‘अधिक माहितीसाठी आमच्याशी संपर्क साधा’ हे वाक्य त्यात नाही, आणि नेमकी त्याचीच किंमत आहे. दुकानदाराला सांगणाऱ्यावर आंधळा विश्वास टाकावा लागत नाही. तो त्याच रात्री पोर्टल उघडून पडताळा घेऊ शकतो. एखादे बिल खरोखरच गायब निघाले, तर सांगणाऱ्याचे ज्ञान त्याला स्वतःच्या हिशेबात दिसते. अर्धी माहिती देऊन उरलेली फीसाठी राखून ठेवणाऱ्या व्हिडिओला हे साधत नाही.

सनदी लेखापालांच्या बाबतीत या संयमामागे कायदाही आहे. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ च्या पहिल्या परिशिष्टात जाहिरात करून किंवा इतर मार्गाने अशिले मागणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. संस्थेच्या २०२० च्या आचारसंहितेने शैक्षणिक व्हिडिओंना मुभा दिली, पण त्यांत फर्मचे नाव, संपर्क क्रमांक वा संकेतस्थळ नको अशी अट घातली. म्हणजे व्हिडिओत उरते ती फक्त माहिती, आणि ती बिनचूकच असायला हवी.

चूक सहसा खोटे सांगण्याने होत नाही, अपवाद गाळल्याने होते. ‘बारा लाखांपर्यंत आयकर नाही’ हे २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर असंख्य व्हिडिओंत ऐकू आले. नव्या करप्रणालीत पगारदाराच्या सर्वसाधारण उत्पन्नाबाबत ते खरे आहे. पण एखाद्याचे पगाराचे करपात्र उत्पन्न नऊ लाख आणि शेअर वर्षाच्या आत विकून झालेला नफा दोन लाख असेल, तर? बेरीज अकराच लाख होते, तरी त्या नफ्यावर २० टक्के दराने ४० हजार आणि वर उपकर धरून ४१,६०० रुपये भरावे लागतात, कारण करसवलत या विशेष दराच्या उत्पन्नाला लागू होत नाही. ‘शेअरचा नफा असेल तर हे लागू नाही’ एवढे वाक्य बोलायला चार सेकंद लागतात. ते गाळणाऱ्याचा प्रेक्षक विवरणपत्र भरायला बसला की फसतो, आणि त्या माणसाकडे तो पुन्हा फिरकत नाही.

जीएसटीच्या व्हिडिओलाही अशी मर्यादा आहे. पुरवठादार तिमाही विवरणपत्र भरणारा असेल आणि दरम्यानच्या महिन्यांत बिले चढवत नसेल, तर ती तिमाही संपल्यावरच दिसतात. त्याला बुडवा समजून भांडायचे कारण नाही. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला तर हे क्रेडिट मिळतच नाही. म्हणून जाणकार सुरुवातीलाच सांगतात की ही माहिती नियमित करदात्यांसाठी आहे, आणि कोपऱ्यात आर्थिक वर्ष लिहितात. नियम बदलला तरी व्हिडिओ फिरतच राहतो; वर्ष लिहिलेले असले की जुनी माहिती ओळखू येते.

खरी कसोटी लागते ती खालच्या प्रश्नांत. ‘२बी कुठे सापडते?’ याचे उत्तर तिथेच, सगळ्यांना दिसेल असे द्यावे. पण कुणी लिहिते, ‘पुरवठादाराची नोंदणीच रद्द झाली आहे, मी पैसे देऊन बसलो, आता नोटीस आली.’ इथे बिलाची तारीख, नोंदणी कधीपासून रद्द झाली, माल पोहोचल्याचा पुरावा आणि पैसे बँकेतून गेले का, हे सगळे पाहावे लागते. चार ओळींत सल्ला देणे धोक्याचे, आणि तिथे पॅन किंवा बिलाचा फोटो मागणे त्याहून धोक्याचे. अशा वेळी प्रामाणिक उत्तर एवढेच असते की कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, नोटिशीवरील उत्तराची मुदत आधी बघा आणि जवळच्या कुणाही जाणकाराला कागद दाखवा. फीचे काम इथून पुढे सुरू होते, आणि ते कुणाकडे न्यायचे हे तो दुकानदार स्वतः ठरवतो.